फोटोतलं जनावर रानातलं की गोठ्यातलं?

गवा : आधी पाय पाहा. गुडघ्याखाली पांढुरके मोजे, वर काळपट-तपकिरी अंग. गाय-बैलाचं वशिंड खांद्यापाशीच संपतं. गव्याचा उंचवटा पाठीच्या मध्यापर्यंत जाऊन एकदम उतरतो. शिंगं पिवळसर, टोकं काळी. मोठा नर खांद्याला सहा फुटांपर्यंत भरतो.

रानम्हैस : महाराष्ट्रात फक्त गडचिरोलीच्या कोलामार्का भागात. अंग राखाडी-काळं, शिंगं बुडाशी जाड, तिकोनी आणि दूरवर फाकलेली. चरायला सोडलेली म्हैस बरीचशी अशीच दिसते, त्यामुळे गळ्यातली घंटा, दावं किंवा कानातला बिल्ला शोधा. तरीही संकराची शक्यता उरतेच. एका फोटोवरून निकाल देऊ नका.

नीलगाय (रोही) : हे कुरंगाच्या जातीतलं जनावर. खांदे उंच, पाठ मागे उतरती. नर निळसर राखाडी, त्याची शिंगं जेमतेम वीतभर आणि सरळ. मादी बदामी, बिनशिंगी. म्हणून तिला कालवड समजण्याची चूक होते. खुरांच्या वरची पांढरी वलयं पाहिली की शंका फिटते.

रात्रीचा फोटो : कॅमेरा ट्रॅपच्या कृष्णधवल फोटोत रंगावर विसंबू नका. पाठीची रेषा, पाय आणि शिंगं पाहा. उंचीचा अंदाज त्याच जागी उभ्या केलेल्या माणसाच्या फोटोशी ताडून घ्या.