गालाचा वास, घराची खूण

मांजर कपाटाच्या कोपऱ्याला गाल घासतं, मग खुर्चीच्या पायाला, मग घरातल्या कुणाच्या तरी नडगीला. पाहणाऱ्याला ते लाड वाटतात आणि काही अंशी ते असतातही. पण त्याच वेळी गालाजवळच्या ग्रंथींमधून एक रासायनिक खूण त्या वस्तूवर उमटत असते. माणसाला तिचा वास येत नाही. मांजराच्या वरच्या दातांमागे मात्र दोन बारीक छिद्रं असतात आणि तिथून ही खूण टाळूवरच्या एका खास इंद्रियापर्यंत पोचते. अशा खुणेच्या रसायनांना फेरोमोन म्हणतात. पॅट्रिक पाजा या फ्रेंच पशुवैद्यानं १९९०च्या दशकात गालावरच्या स्रावाचे पाच अंश वेगळे केले. त्यांतला तिसरा अंश मांजर आपल्या ओळखीच्या, निर्धास्त जागेतल्या वस्तूंवर लावतं. त्याचीच प्रयोगशाळेत केलेली नक्कल म्हणजे ‘फेलिवे क्लासिक’ हा डिफ्यूझर आणि त्याच नावाचा स्प्रे.

पुढे त्याच कंपनीनं आणखी एक प्रकार आणला. पिलांना पाजणाऱ्या मांजरीच्या स्तनांजवळच्या त्वचेतून जो फेरोमोन सुटतो, त्याची ही नक्कल आहे आणि ती एका घरातल्या मांजरांची आपसातली भांडणं कमी करण्यासाठी विकली जाते. दोन्हींची कामं वेगळी आहेत. खोक्यावर नुसतं ‘शांत करणारं’ एवढंच वाचून खरेदी केली, तर भलताच प्रकार घरी येतो.

या वस्तूंचा खरंच उपयोग होतो का, हे समजून घ्यायला अमेरिकेतला एक प्रयोग नीट पाहण्याजोगा आहे. मिशिगनमधल्या पशुवर्तनतज्ज्ञ थेरेसा डीपोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१९ साली प्रसिद्ध केला. ज्या घरांत अनेक मांजरं होती आणि त्यांच्यात मारामाऱ्या चालू होत्या, अशी घरं त्यांनी निवडली. काहींना दुसऱ्या प्रकारच्या फेरोमोनचे डिफ्यूझर दिले, तर काहींना तसेच दिसणारे पण फेरोमोन नसलेले. कुणाकडे काय आहे, हे घरच्यांनाही ठाऊक नव्हतं आणि माहिती गोळा करणाऱ्यांनाही नव्हतं. २८ दिवस डिफ्यूझर चालू होते. टक लावून पाहणं, पाठलाग, वाट अडवणं, फिसकारणं अशा गोष्टींची नोंद घरचे लोक ठेवत होते. शेवटपर्यंत ४२ घरं टिकली. त्यांतल्या १७ घरांत फेरोमोन होता, २५ घरांत नव्हता.

भांडणं दोन्ही गटांत कमी झाली. फेरोमोनच्या घरांत ती जास्त कमी झाली आणि हा फरक निव्वळ योगायोगाचा नव्हता. पण नुसतं तेल जळत असलेल्या घरांतही सुधारणा दिसली, ती का? एक कारण असं, की सुरुवातीला सगळ्याच कुटुंबांना मांजरांचं भांडण कसं ओळखावं आणि अशा वेळी काय करावं, हे शिकवलं होतं. शिवाय आपण काहीतरी उपाय करतोय या भावनेनं माणसाची नजरही थोडी सौम्य होते. घरं थोडी होती आणि पैसा उत्पादक कंपनीचा होता, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्यामुळे यातून निघणारा निष्कर्ष माफक आहे: फेरोमोनचा हातभार लागतो, आणि तो बहुधा बाकीच्या उपायांच्या जोडीनं लागतो.

गालाच्या फेरोमोनचा सर्वांत बरा पुरावा आहे तो लघवीच्या फवाऱ्यांबाबत. अशा उपचारांच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०११ साली ब्रिटनमधल्या डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी मांडला. फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन या औषधांबरोबर हा फेरोमोनही खोट्या उपचारापेक्षा सरस ठरला. उलट कॅलिफोर्नियातल्या निवारागृहांतल्या मांजरांवर २०१७ साली असाच प्रयोग झाला, तेव्हा त्यांचा ताण कमी झाला नाही आणि सर्दीची लागणही घटली नाही. अनोळखी पिंजरा, भुंकणारे कुत्रे, सतत येणारीजाणारी माणसं, एवढ्या गोंधळापुढे हवेतली ती खूण अपुरी पडली असावी.

आता एखादं घर धरून चालू. पुण्यातल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नसबंदी झालेला चार वर्षांचा बोका आहे. महिन्याभरापासून तो बाल्कनीच्या दाराशी उभा राहतो, शेपटी ताठ करून थरथरवतो आणि पडद्यावर फवारा मारतो. बाहेर एक नवा बोका हिंडायला लागल्यापासून हे सुरू झालंय. असा बोका फेरोमोनसाठी अगदी योग्य. नसबंदीनंतरही दहातला साधारण एक बोका फवारे मारत राहतो आणि त्यामागे बऱ्याचदा हद्दीची धास्ती असते.

तरी पहिली फेरी पशुवैद्याकडेच व्हायला हवी. मांजर खाली बसून फरशीवर किंवा गादीवर लघवी करत असेल, तर तो फवारा नव्हे. त्यामागे मूत्राशयाची सूज, खडे किंवा घाण राहिलेला लिटर बॉक्स असू शकतो. बोका वारंवार जोर लावतोय आणि थेंबही पडत नाही, असं दिसलं तर तासाभराचाही उशीर न करता दवाखाना गाठावा. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि त्यात दोन-तीन दिवसांत जीव जातो.

तपासणीत सगळं ठीक निघालं, की डिफ्यूझर लावायचा तो बोका जिथे सर्वाधिक वावरतो त्या खोलीत. सोफ्यामागे, पडद्याआड किंवा शेल्फखाली लावला तर वाफ तिथेच अडते. एक डिफ्यूझर ५० ते ७० चौरस मीटरांना पुरतो, बाटली साधारण ३० दिवस चालते आणि तो दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. रात्री झोपताना बटण बंद करायची सवय असलेल्या घरांत उपाय निम्माच होतो. पडदा एन्झाइमच्या क्लीनरनं धुवावा. फिनेल मात्र वापरू नये, कारण फिनॉलयुक्त फिनेल पंजांना लागून चाटण्यात आलं तर मांजराला विषारी ठरतं. बाहेरचा बोका दिसू नये म्हणून दाराच्या काचेचा खालचा भाग कागदानं झाकावा. हे केल्याशिवाय डिफ्यूझरकडून फार अपेक्षा करणं त्या बोक्यावर अन्याय आहे.

आणि कॅलेंडरवर रोज फवाऱ्यांचा आकडा लिहावा, तोही डिफ्यूझर लावायच्या दोन आठवडे आधीपासून. आठवड्याला नऊचे तीन झाले, तर आणखी एक बाटली आणणं रास्त. महिनाभरानंतरही आठ-नऊच असले, तर पैसे तिथे घालवण्यापेक्षा औषधांबद्दल पशुवैद्याशी बोलावं.

स्प्रेचं काम तात्पुरतं असतं: दवाखान्याची फेरी, एसटीचा किंवा गाडीचा प्रवास, दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्री लपायची जागा. कॅरियरच्या आत आठ-दहा वेळा फवारून पंधरा मिनिटं थांबावं, कारण त्यातल्या अल्कोहोलचा उग्र वास उडून गेल्यावरच मांजराला आत ठेवता येतं. परिणाम चार-पाच तास टिकतो. मांजराच्या अंगावर तो कधीही मारू नये.

बाजारात लॅव्हेंडर किंवा इतर सुगंधी तेलांचे ‘कामिंग’ स्प्रेही मिळतात. ते फेरोमोन नाहीत. टी ट्रीसारखी काही तेलं तर मांजराच्या यकृताला पचतच नाहीत, म्हणून लेबलवर घटक वाचूनच बाटली घ्यावी. एकमेकांना रक्तबंबाळ करणारी मांजरं असतील, तर डिफ्यूझरच्या भरवशावर त्यांना एका खोलीत ठेवू नये. आधी दार बंद करून वेगळं करावं, दोघांना वेगळे वाडगे आणि लिटर बॉक्स द्यावेत, आणि वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याच्या सल्ल्यानं हळूहळू पुन्हा ओळख करून द्यावी. त्या काळात दोन्ही खोल्यांत दुसऱ्या प्रकारचा डिफ्यूझर चालू ठेवायला हरकत नाही.