तक्ता हरवलेलं गणित

ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या प्रश्नसंचात हा प्रकार हमखास भेटतो. ‘खालील तक्त्यावरून सरासरी प्रतीक्षा वेळ काढा,’ असं छापलेलं असतं आणि तक्त्याच्या जागी रिकामी चौकट. कोणत्या प्रोसेसला प्रोसेसर किती वेळ हवा, म्हणजे तिचा बर्स्ट टाइम, तोच गायब!

शेजारी गँट चार्ट उरला असेल तर काम सोपं. त्यावर P1, P2, P3 आणि खाली 0, 24, 27, 30 मिलिसेकंद लिहिलंय असं धरा. लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी केली की बर्स्ट टाइम मिळतात: 24, 3, 3. तिघी शून्याला आल्या असतील, तर त्या 0, 24 आणि 27 थांबल्या. बेरीज 51, सरासरी 17.

पण उत्तरसूचीतलं नुसतं 17 हाती असेल तर? पहिलीची वेळ दोघींना भोवते, दुसरीची एकीला. म्हणून पहिलीची दुप्पट अधिक दुसरी बरोबर 51. त्यात 24 आणि 3 बसतात, तसेच 20 आणि 11 सुद्धा. तिसरीची वेळ तर या हिशेबात येतच नाही. ती 3 असो की 300.

हाच प्रश्न ‘सर्वांत छोटं काम आधी’ या पद्धतीने विचारला की घोळ उघडा पडतो. 24, 3, 3 ची सरासरी 3 येते, तर 20, 11, 3 ची सुमारे 5.67. तेव्हा 17 वरून तक्ता उभा करणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.