24 फेब्रुवारी पुन्हा चालवताना

24 फेब्रुवारी 2021, बुधवार. दुसऱ्या दिवशी महिन्याची एक्स्पायरी होती, त्यामुळे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांची गर्दी होती. दहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात निफ्टीचा आकडा पडद्यावर गोठला. सौदे मात्र चालूच होते. 11:40 च्या सुमारास तेही थांबले. दूरसंचार जोडण्यांत बिघाड झाल्याने जोखमीवर नजर ठेवणारी यंत्रणा बंद पडली, असा खुलासा एक्स्चेंजने केला. बाजार मिटण्याची नेहमीची वेळ 3:30 ची. ती उलटून गेल्यावर, 3:45 ला बाजार पुन्हा उघडला आणि संध्याकाळी 5 पर्यंत चालला. निफ्टी 274 अंकांनी चढून 14,982 वर बंद झाला.

संगणकाकडून आपोआप सौदे करून घेणाऱ्या प्रोग्रॅमला बाजारात अल्गो म्हणतात. ज्याच्याकडे अल्गो आहे आणि ज्याच्याकडे त्या बुधवारचा नोंदवलेला डेटा आहे, त्याला आजचा अल्गो त्या दिवसातून चालवून बघता येतो. एक रुपयाही न लावता. याला रिप्ले म्हणतात. बॅकटेस्टपेक्षा हे काम वेगळे आहे. बॅकटेस्टमध्ये जुन्या भावांवर बहुधा वेगळ्या प्रोग्रॅमने हिशेब मांडतात आणि आपली कल्पना फायद्याची होती का ते पाहतात. रिप्लेमध्ये उद्या सकाळी 9:15 ला खऱ्या पैशांवर चालणार असलेला प्रोग्रॅमच, एकही ओळ न बदलता, जुन्या दिवसात सोडतात. इथे परीक्षा कल्पनेची नसते, प्रोग्रॅमची असते.

त्यासाठी प्रोग्रॅमचा बाहेरच्या जगाशी जिथे जिथे संबंध येतो, तेवढ्याच जागा बदलायच्या. ब्रोकरकडून येणाऱ्या टिक्स, म्हणजे भावांच्या ताज्या नोंदी, आता फाइलमधून येतात. ऑर्डर ब्रोकरकडे न जाता आपणच लिहिलेल्या नकली ब्रोकरकडे जाते. या दोन गोष्टी कुणालाही सुचतात. तिसरी हमखास राहून जाते, ती म्हणजे घड्याळ. एक अगदी सर्रास दिसणारा तुकडा पाहा:

```
def on_ticks(ws, ticks):
    update_prices(ticks)
    if datetime.now().time() >= time(15, 15):
        square_off()
```

सव्वातीन वाजले की सगळ्या पोझिशन बंद करायच्या, एवढेच यात सांगितले आहे. पण `datetime.now()` ही संगणकाची आत्ताची वेळ. रिप्ले रात्री दहाला लावला तर सकाळची पहिली टिक येताच प्रोग्रॅम सगळे बंद करून मोकळा होतो. म्हणून वेळ विचारायची ती रिप्लेच्या घड्याळाला, आणि ते घड्याळ नोंदीतल्या वेळेनुसार पुढे सरकले पाहिजे. प्रत्यक्ष बाजारात त्याच जागी खरे घड्याळ बसते. प्रोग्रॅमला फरक कळता कामा नये.

घड्याळ दुरुस्त करून आता तो बुधवार चालवू. समजा, अल्गोने सकाळी निफ्टी फ्युचरचा एक लॉट 14,800 ला शॉर्ट केला. तेव्हा लॉट 75 चा होता. स्टॉपलॉस 40 अंकांवर, म्हणजे ठरवलेला तोटा 3,000 रुपये. हा स्टॉपलॉस एक्स्चेंजवर लावलेला नाही, प्रोग्रॅमच भावावर नजर ठेवून आहे, असे धरू. 11:40 ला टिक्स थांबतात. 3:15 होतात आणि काहीच घडत नाही, कारण वेळेची तपासणी `on_ticks` च्या आत आहे आणि टिकच येत नाही. प्रोग्रॅमला जाग येते ती 3:45 ला, पहिल्या टिकबरोबर. मग समोर असेल त्या भावाला तो खरेदी करतो.

हे लक्षात आले की माणूस ती तपासणी स्वतंत्र टायमरवर नेतो आणि रिप्ले पुन्हा लावतो. आता 3:15 ला ऑर्डर जाते. नकली ब्रोकर प्रत्येक ऑर्डरला हो म्हणणारा असेल, तर निकाल सुरेख दिसतो. पण त्या क्षणी एक्स्चेंज बंद होते, ऑर्डर नाकारली गेली असती. नकली ब्रोकरला हे वागणे शिकवले की खरा दोष वर येतो. अनेक प्रोग्रॅम ऑर्डर पाठवल्याबरोबर आपल्या वहीत ‘पोझिशन बंद’ असे लिहून टाकतात, सौदा झाल्याच्या पावतीची वाट पाहत नाहीत. आता वहीत शून्य आहे आणि खात्यात शॉर्ट. 3:45 ला बाजार उघडतो, वर चढतो, पण वहीत काहीच नसल्याने स्टॉपलॉसकडे कुणी पाहत नाही. फ्युचर 14,980 च्या आसपास थांबला असे धरले, तर 180 अंक गुणिले 75, म्हणजे 13,500 रुपयांचा तोटा. हा दोष शांत दिवसांच्या कितीही रिप्लेत सापडला नसता. माझ्या मते म्हणूनच साध्या दिवसांचा ढीग जमवण्यापेक्षा असे मोजके वाकडे दिवस जपणे जास्त मोलाचे आहे. 23 मार्च 2020 ला लोअर सर्किट लागून बाजार थांबला तो दिवस, किंवा दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांचा छोटा तास, जिथे दिवसाचे वेळापत्रकच वेगळे असते.

अशा दिवसांसाठी नोंदच नीट झालेली असावी लागते. फक्त टिक्स साठवल्या तर नोंदीतला चार तासांचा खड्डा कशाचा, हे कळत नाही. बाजार थांबला होता की आपल्या घरचे इंटरनेट गेले होते? म्हणून जोडणी तुटल्याची आणि पुन्हा जुळल्याचीही नोंद करावी, आणि प्रत्येक टिकसोबत दोन वेळा लिहाव्यात: एक्स्चेंजने दिलेली आणि आपल्याकडे पोचल्याची. रिप्ले पोचल्याच्या क्रमाने चालवायचा. एक्स्चेंजच्या वेळेने लावला तर उशिरा आलेली माहितीही प्रोग्रॅमला वेळेवर मिळते, जी त्या दिवशी मिळाली नव्हती.

रिप्लेतल्या नफ्याच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. नोंदवलेला बाजार आपल्या ऑर्डरकडे पाहत नाही. आपण कितीही खरेदी केली तरी पुढची टिक तीच येते. त्यामुळे नकली ब्रोकर कंजूष असलेला बरा. शेवटच्या सौद्याच्या भावाला खरेदी देऊ नये, विकणाऱ्याने मागितलेल्या भावाला द्यावी, आणि त्या भावाला जेवढे नग दिसत होते तेवढेच द्यावेत. ऑर्डर पोचायला लागणारा वेळही मध्ये घालावा. लिमिट ऑर्डरमध्ये भाव नुसता आपल्या किमतीला टेकला म्हणजे सौदा झाला असे नाही, कारण त्याच भावाला आपल्या आधी इतरांची रांग असते. भाव आपली किंमत ओलांडून पलीकडे गेला तरच सौदा झाला असे मानावे.

रिप्ले विश्वासाचा आहे का, हे तपासायच्या दोन चाचण्या आहेत. तोच दिवस दोनदा चालवून दोन्ही वेळच्या ऑर्डरच्या याद्या ताडून पाहायच्या. एका ओळीचाही फरक निघाला, तर कुठेतरी खरे घड्याळ किंवा यादृच्छिक आकडा आत शिरला आहे. दुसरी चाचणी अधिक कडक. अल्गो एक दिवस खऱ्या बाजारात अगदी थोड्या नगांवर चालवायचा, त्याच वेळी डेटा नोंदवायचा आणि रात्री तोच दिवस रिप्ले करायचा. सौद्यांचे भाव थोडे मागेपुढे होतील, पण निर्णय त्याच टिकवर तेच निघाले पाहिजेत. नाही निघाले, तर पहिली वेगळी ओळ जिथे दिसते तिथे थांबायचे आणि त्या टिकपासून मागे शोधत जायचे.