पाकिटातली चिठ्ठी

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात चाललेल्या औषधचाचणीची कागदपत्रं तपासायला मी गेले होते. वॉर्डातल्या टेबलाच्या खणात पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा होता. प्रत्येक पाकिटावर अनुक्रमांक, आत घडी घातलेला कागद आणि त्यावर ‘अ’ किंवा ‘ब’. अ म्हणजे नवं औषध, ब म्हणजे नेहमीचं. मी सगळ्यात वरचं पाकीट उचललं आणि ट्यूबलाइटसमोर धरलं. आतलं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. शेजारी उभा असलेला निवासी डॉक्टर म्हणाला, “मॅडम, पण आम्ही कुणी बघत नाही हो.” तो खरंच सांगत होता, याबद्दल मला शंका नव्हती. तरीही ती पाकिटं मला बदलायला लावावी लागली.

नवं औषध कुणाला द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवतात, कारण डॉक्टरनं निवडलं तर दोन गट मुळातच वेगळे होतात. कुणी तरुण रुग्णांना नवं औषध देईल, कुणी हाताबाहेर गेलेल्यांना. मग शेवटी जो फरक दिसेल तो औषधाचा की रुग्णांचा, हे सांगता येत नाही. चिठ्ठीला वय, गरिबी, आजाराची तीव्रता यातलं काहीच कळत नाही. त्यामुळे पुरेसे रुग्ण असले की या सगळ्या गोष्टी दोन्हीकडे साधारण सारख्या विभागल्या जातात. ज्या गोष्टी आपण मोजल्या नाहीत, ज्या कुणाला ठाऊकही नाहीत, त्यासुद्धा.

पण पुढची चिठ्ठी आधीच कळली तर हे सगळं कोसळतं. समजा, वरच्या पाकिटात ‘ब’ आहे आणि समोर धापा टाकणारा विशीतला मुलगा बसला आहे. त्याला नवं औषध मिळावं असं डॉक्टरला मनापासून वाटतं. तो मुलाच्या वडिलांना म्हणतो, “आज राहू द्या, उद्या सकाळी या.” मधल्या वेळात दुसऱ्या कुणाच्या नावे ते पाकीट उघडलं जातं. यात लबाडी नाही, उलट माया आहे. पण अशा दहा-वीस मायेच्या निर्णयांनंतर एका गटात एका तऱ्हेचे रुग्ण जमा होतात आणि चिठ्ठी नावापुरती उरते. म्हणून रुग्ण चाचणीत पक्का दाखल होईपर्यंत त्याचा गट कुणालाही कळता कामा नये. याला संशोधनाच्या भाषेत अलोकेशन कन्सीलमेंट, म्हणजे वाटपाची गुप्तता म्हणतात.

ही गुप्तता नीट कशी पाळायची, हे ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीनं दाखवलं. तिचा अहवाल १९४८च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्याआधी बऱ्याच ठिकाणी एकाआड एक अशी वाटणी करत. पहिल्याला औषध, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला औषध. ती दिसायला न्याय्य, पण पुढचा नंबर कुणाचा हे दारातल्या शिपायालाही सांगता यावं इतकी उघडी. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी त्याऐवजी यादृच्छिक आकड्यांवरून क्रम तयार केला. प्रत्येक रुग्णालयासाठी आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळा. तो क्रम चाचणीतल्या कुणाही डॉक्टरला माहीत नव्हता. बंद पाकिटांवर फक्त रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक असे. रुग्ण चाचणीत बसतो की नाही हे तज्ज्ञांची समिती आधी ठरवी, आणि तिनं होकार दिल्यावरच मध्यवर्ती कार्यालयात त्या क्रमांकाचं पाकीट उघडलं जाई. आतल्या कार्डावर ‘एस’ असेल तर स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणातली विश्रांती, ‘सी’ असेल तर नुसती विश्रांती. पाकीट वॉर्डात नव्हतंच, मग ते दिव्यासमोर धरणार कोण?

त्या चाचणीत १०७ रुग्ण होते. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ जणांपैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. हा फरक लोकांनी मानला, कारण दोन्ही गट सारखे होते हे पाकिटांच्या व्यवस्थेवरून कुणालाही पडताळता येत होतं.

आता पाकीट उघडल्यानंतरचं. गुप्तता इथे संपते आणि दुसरा पहारा सुरू होतो, तो ब्लाइंडिंगचा. कोण कुठल्या गटात आहे हे रुग्णाला, उपचार करणाऱ्याला किंवा निकाल मोजणाऱ्याला कळू न देणं म्हणजे ब्लाइंडिंग. माझे विद्यार्थी या दोन गोष्टींची दरवर्षी गल्लत करतात. गुप्तता प्रत्येक चाचणीत पाळता येते, अगदी शस्त्रक्रियेच्याही. ब्लाइंडिंग मात्र प्रत्येक ठिकाणी जमत नाही. पोटावर टाके घातलेल्या माणसापासून शस्त्रक्रिया लपवणार कशी?

स्ट्रेप्टोमायसिनच्या वेळीही ते पूर्ण जमलं नव्हतं. औषध दर सहा तासांनी इंजेक्शननं दिलं जात होतं, तेही चार महिने. दुसऱ्या गटातल्या खंगलेल्या रुग्णांना तितक्याच वेळा नुसतं पाणी टोचणं संशोधकांना पटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग त्यांनी जिथे लपवता येत होतं तिथे लपवलं. छातीचे एक्स-रे तीन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वाचले, आणि कुठली फिल्म कुठल्या गटातली हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मृत्यू मोजताना मतभेद होत नाहीत, पण ‘सावली थोडी कमी झाली आहे’ हे ठरवताना डोळ्याला मनाची साथ मिळते, आणि नेमका तिथेच पडदा हवा.

आणि पडदा फाटला तर काय होतं, हे अमेरिकेतल्या एनआयएच या संस्थेनं आपल्याच कर्मचाऱ्यांवर केलेल्या चाचणीत दिसलं. सर्दीवर ‘क’ जीवनसत्त्वाचा उपयोग होतो का, हे पाहायचं होतं. निकाल १९७५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाच्या कॅप्सूलमध्ये ‘क’ जीवनसत्त्व होतं, दुसऱ्यांच्या कॅप्सूलमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. काही जणांनी कॅप्सूल फोडून चव घेतली. एक आंबट, दुसरी गोडसर. नुसते आकडे पाहिले तर जीवनसत्त्व घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी झालेली दिसत होती. पण आपण काय घेतो आहोत याचा ज्यांना पत्ता लागला नव्हता, त्यांच्यात तो फरक उरला नाही. संशोधकांनी शेवटी प्रत्येकाला ‘तुम्ही काय घेत होतात असं वाटतं?’ असं विचारलं, म्हणून हे उघडकीस आलं. तो प्रश्न विचारला नसता तर सर्दीवरचा एक उपाय सिद्ध झाला म्हणून गाजला असता.

तिसरा धोका चाचणी संपल्यावर येतो, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चिठ्ठी निघाली तसं सगळे वागत नाहीत. कुणी औषध सोडतो, कुणी शस्त्रक्रियेला नकार देतो, कुणाला मध्येच दुसरा उपचार द्यावा लागतो. या लोकांचं मोजताना काय करायचं?

युरोपातल्या हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या चाचणीचे दोन वर्षांचे आकडे मी वर्गात नेहमी फळ्यावर मांडते. ३९५ पुरुषांच्या नावे शस्त्रक्रियेची चिठ्ठी निघाली होती, ३७३ जणांच्या नावे औषधांची. शस्त्रक्रियेच्या गटातल्या २६ जणांची शस्त्रक्रिया झालीच नाही, आणि त्यांतले ६ वारले. औषधांच्या गटातल्या ५० जणांवर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, त्यांतले २ वारले.

‘ज्यांनी ठरल्याप्रमाणे उपचार घेतले तेवढेच मोजू’ असं म्हटलं, तर त्याला पर प्रोटोकॉल विश्लेषण म्हणतात. तसं मोजलं तर शस्त्रक्रियेकडे ३६९ पैकी १५ मृत्यू, म्हणजे ४.१ टक्के. औषधांकडे ३२३ पैकी २७, म्हणजे ८.४ टक्के. शस्त्रक्रियेनं मृत्यू निम्म्यावर आणले, असा मथळा सहज होईल. पण त्या २६ जणांकडे पुन्हा बघा. बायपासची वाट पाहतानाच जो गेला, त्याचा मृत्यू शस्त्रक्रियेच्या खात्यातून पुसला गेला. दर चौघांत जवळपास एक मृत्यू असलेला हा गट आपण नेमका एकाच बाजूनं उचलून बाहेर ठेवला. चिठ्ठीनं सारखे केलेले गट आपल्याच हातानं पुन्हा असमान केले.

इंटेन्शन टू ट्रीट पद्धतीत ज्याची चिठ्ठी ज्या गटात निघाली, तो त्याच गटात मोजायचा, मग त्यानं उपचार घेतलेला असो वा नसो. तसं केलं की शस्त्रक्रियेकडे ३९५ पैकी २१ मृत्यू, ५.३ टक्के. औषधांकडे ३७३ पैकी २९, ७.८ टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो. पुढच्या वर्षांत याच चाचणीत शस्त्रक्रियेचा फायदा खरोखर दिसून आला. पण दोन वर्षांच्या आकड्यांवरून तो सिद्ध झाला असं म्हणणं चूक ठरलं असतं.

“पण मॅडम, ज्यानं गोळीच घेतली नाही त्याला गोळीच्या गटात कसं धरायचं?” हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर मी अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’च्या आकड्यांनी देते. तिथे निरुपद्रवी खोटी गोळी नियमानं घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १५ टक्के वारले, आणि तीच खोटी गोळी टाळणाऱ्यांपैकी २८ टक्के. गोळीत औषध नव्हतंच. मग हा फरक कशाचा? जो माणूस गोळी वेळेवर घेतो, तो इतरही बऱ्याच बाबतींत वेगळा असतो. संशोधकांनी माहीत असलेल्या चाळीस गोष्टींचा हिशेब करून पाहिला, तरी हा फरक पुसला गेला नाही.

पर प्रोटोकॉल टाकाऊ आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. नवं औषध जुन्यापेक्षा वाईट नाही एवढंच दाखवायचं असतं, तेव्हा इंटेन्शन टू ट्रीट धोक्याचं ठरू शकतं. निम्म्या लोकांनी दोन्हीकडे गोळ्या सोडल्या तर दोन्ही गट आपोआप सारखे दिसतात आणि निष्काळजीपणे केलेली चाचणी यशस्वी ठरते. अशा वेळी दोन्ही पद्धतींनी मोजून निकाल जुळतो का, हे बघावंच लागतं. आणि रुग्ण मध्येच गायब झाले, त्यांचं पुढे काय झालं हे कुणालाच ठाऊक नसलं, तर कुठलंच गणित ती भोकं भरून काढत नाही. म्हणून औषध सोडलेल्या रुग्णालाही शेवटपर्यंत फोन करत राहायचं असतं.

भारतात होणाऱ्या औषधचाचण्यांची नोंद ctri.nic.in या संकेतस्थळावर असते आणि ती कुणालाही मोफत पाहता येते. एखाद्या काढ्याच्या, गोळीच्या किंवा लसीच्या ‘सिद्ध झालेल्या’ गुणाची बातमी वाचाल, तेव्हा तिथे तिची नोंद शोधा आणि `Method of Concealment` आणि `Blinding/Masking` या दोन ओळी वाचा. मग प्रसिद्ध झालेला अहवाल मिळाला तर किती जणांच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या आणि शेवटच्या तक्त्यात किती जण मोजले, हे दोन आकडे शेजारी मांडा. ते जुळत नसतील तर मधले लोक कुठे गेले, हे त्या अहवालात लिहिलेलं असायला हवं.