अवयवदान आणि परिचारिकेचा धर्म

पेडणे किंवा डिचोली तालुक्यात रस्त्यावर एखाद्याच्या डोक्याला जबर मार बसला, तर त्याला प्रथम जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेतात आणि तेथून बहुधा बांबोळीस, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात धाडतात. मागोमाग घरची माणसे मिळेल त्या वाहनाने तेथे पोहोचतात आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून राहतात. डॉक्टर दिवसातून दोन-तीनदा येऊन बोलतात, ते बरेचसे इंग्रजीत. वर्तमानपत्रांतील बातमी असते मराठीत. आणि आईच्या तोंडचा प्रश्न असतो कोंकणीत : “सिस्टर, जीव आसा मगो?” हा प्रश्न बहुधा डॉक्टरांना कोणी विचारत नाही. तो परिचारिकेला विचारला जातो. अवयवदानाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते, परंतु या प्रश्नाला परिचारिकेने काय उत्तर द्यावे, याचा विचार फारसा होत नाही. प्रस्तुत लेख तेवढ्यापुरताच आहे.

आधी मृत्यू म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर, अंगठ्याएवढा एक भाग असतो. त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. श्वास घेण्याची प्रेरणा आणि जागृतीची शक्ती ही दोन्ही तेथूनच येतात. तो एकदा मेला की माणूस आपण होऊन पुन्हा कधीही श्वास घेऊ शकत नाही. परंतु हृदयाचे तसे नाही. हृदयाला ठोके देण्याची सोय त्याच्या स्वतःच्याच स्नायूत आहे. त्यामुळे यंत्राने फुफ्फुसात हवा भरत राहिली, तर माणूस गेल्यावरही त्याचे हृदय काही तास, कधी काही दिवस चालू राहते. अंगात ऊब असते, छाती वरखाली होते, नाडी लागते. आपल्या पूर्वजांनी मृत्यूच्या ज्या खुणा शिकवल्या, त्यांपैकी एकही तेथे दिसत नाही. आईला धुगधुगी दिसते, ती खोटी नव्हे. ती हृदयाची आहे, मुलाची नाही, एवढेच.

बेशुद्धी ही निराळी गोष्ट. गाढ बेशुद्धीतल्या माणसाचा मस्तिष्कस्तंभ जिवंत असतो आणि असा माणूस महिन्यांनी उठून बसल्याची उदाहरणे आहेत. घरच्यांनी तीच ऐकलेली असतात. या दोहोंची गल्लत झाली तर पुढचे सारे संभाषण फसते.

हा मृत्यू कायद्याने मान्य आहे. १९९४ सालच्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात, तो प्रथम कोणत्या राज्यांस लागू, हे नावानिशी सांगितले आहे : गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. म्हणजे आपला गोवा या बाबतीत पहिल्या पंगतीला बसला आहे. चार डॉक्टरांच्या मंडळाने दोन वेळा तपासणी करावी, दोहोंमध्ये निदान सहा तासांचे अंतर असावे आणि अवयव काढणाऱ्या किंवा बसवणाऱ्या पथकातील कोणीही त्या मंडळात नसावा, असा नियम आहे.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पिलेले आहे, परंतु त्यातील प्रत्येक पायरी खरी आहे. डिचोलीजवळच्या एका गावातील अडतीस वर्षांचा गृहस्थ रविवारी रात्री दुचाकीवरून पडला. बांबोळीस शस्त्रक्रिया झाली. मंगळवारी पहाटे परिचारिका त्याच्या श्वासनळीतील कफ नळीने ओढून काढत होती. आदल्या दिवसापर्यंत नळी आत गेली की तो खोकत असे. आज खोकला आला नाही. तिने डोळ्यांवर प्रकाश टाकला. दोन्ही बाहुल्या रुंद, स्थिर. लघवीच्या पिशवीत तासाभरात पाण्यासारखी स्वच्छ, नेहमीच्या कितीतरी पट लघवी जमली होती, कारण मेंदूतून मूत्रपिंडाला येणारा हुकूम बंद पडला होता. या तीन गोष्टी पहिल्यांदा टिपते ती परिचारिकाच, कारण चोवीस तास खाटेशी तीच असते. तिने डॉक्टरांना उठवले.

तरी लगेच तपासणी होत नाही. झोपेची वा भुलीची औषधे अंगात उरली असली, शरीर फार थंड पडले असले, रक्तातील क्षार बिघडले असले, तर जिवंत मेंदूही मेल्यासारखा भासतो. म्हणून ही कारणे आधी दूर करावी लागतात. मग बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात बर्फाचे पाणी, भुवईवर दाब, घशाशी नळी, अशा एकेक परीक्षा होतात. अखेरची परीक्षा श्वासाची. भरपूर प्राणवायू देऊन यंत्र काढतात, बारीक नळीने प्राणवायू चालूच ठेवतात आणि आठ-दहा मिनिटे छातीकडे पाहत राहतात. रक्तातील कर्बवायू वाढत जातो. मस्तिष्कस्तंभातील श्वासाची प्रेरणा देणारा भाग जिवंत असेल, तर तो श्वास घेण्यास भाग पाडतो. छाती हलली नाही, तर उत्तर मिळाले.

आपल्या उदाहरणात पहिली तपासणी सकाळी दहा वाजता झाली. म्हणजे दुसरी दुपारी चारच्या आत नाही. हे सहा तास परिचारिकेची खरी कसोटी पाहतात. घरच्यांना अंधारात ठेवायचे नाही. “मृत्यू झाला असावा अशी डॉक्टरांना शंका आहे, त्याची तपासणी चालू आहे,” हे डॉक्टरांनी सांगावे आणि परिचारिकेने जवळ उभे राहावे. परंतु दानाचा शब्द या वेळी रुग्णालयाने काढू नये. मृत्यू ठरण्याआधी जो दान मागतो, त्याच्या मृत्यूच्या निर्णयावर कोण विश्वास ठेवील? घरच्यांनी आपण होऊन विषय काढला तर ऐकून घ्यावे आणि प्रत्यारोपण समन्वयकाला कळवावे, एवढेच.

याच तासांत आणखी एक गोष्ट घडते. बायको हात हातात घेते आणि बोटे हलतात. क्वचित कोपरही वाकते. ही हालचाल पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूची असते आणि मेंदू मेल्यावरही होते. हे आधी सांगून ठेवलेले असले तर धक्का सोसतो. नंतर सांगितले तर सारवासारव वाटते. माझ्या मते, ज्यांची तयारी असेल अशा एखाद्या आप्ताला श्वासाची परीक्षा प्रत्यक्ष पाहू द्यावी. दहा मिनिटे न हललेली छाती जे सांगते, ते आपल्या शब्दांना सांगता येत नाही.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी दुसरी तपासणी संपली. डॉक्टर निराळ्या खोलीत बसून म्हणाले, “ते वारले.” असेच म्हणावे. “मेंदू मृत झाला” म्हटले की ऐकणाऱ्याला एक अवयव गेला, बाकीचा माणूस आहे, असे वाटते. “यंत्रावर जिवंत ठेवले आहे” हे तर परिचारिकेच्या तोंडून चुकूनही निघू नये. तीच चूक सर्वांत जास्त होते, कारण आपण अंगावरचे पांघरूण सारखे करताना सवयीने त्याच्याशी बोलत असतो. बोलावे, त्यात गैर काही नाही, पण घरच्यांना त्याचा अर्थ विचारावासा वाटेल, हे ध्यानात असावे.

डॉक्टर गेल्यावर परिचारिका बायकोजवळ बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “वहिनी, डॉक्टरांनी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत मला सांगाल का?” बाई म्हणाली, “मेंदू गेला म्हणाले. आता बरं व्हायला किती दिवस?” म्हणजे कळले नव्हते. समन्वयक दाराबाहेर थांबला होता. परिचारिकेने त्याला मानेनेच नको म्हटले आणि डॉक्टरांना पुन्हा बोलावले. तास गेला. तो वाया गेला असे म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद आहे.

मग समन्वयकाने दानाची गोष्ट काढली. या माणसाचा रुग्णाच्या उपचारांशी संबंध नसतो आणि तसे नसणेच बरे. धाकटा भाऊ चटकन हो म्हणाला. बायकोने मान हलवली. आई काही बोलली नाही. कागद पुढे आले, इतक्यात आई पाण्याला म्हणून बाहेर गेली आणि व्हरांड्यात परिचारिकेचा हात धरून म्हणाली, “माझ्या पोराला कापू नका गो.”

येथे परिचारिकेने काय करावे? ऐकले न ऐकलेसे केले तर तीन-चार रोग्यांना जीवदान मिळेल. पण कायदा स्पष्ट आहे. मृताने स्वतः हयातीत काही लिहून ठेवले नसेल तर देह ज्यांच्या ताब्यात आहे ते संमती देऊ शकतात, मात्र कोणाही निकटच्या नातलगाची हरकत आहे असे मानण्यास कारण असेल तर नाही. असे कारण आता परिचारिकेला ठाऊक आहे. तिने गप्प बसणे म्हणजे इतरांच्या सह्या खोट्या करणे होय. आणि कायदा नसता तरी, त्या आईला उद्या त्याच घरात राहायचे आहे.

परिचारिकेने समन्वयकाला सांगितले, आणि आईला विचारले, “आई, तुम्हांला भीती कशाची वाटते?” भीती दोन गोष्टींची होती. तोंड विद्रूप होईल, आणि पुढच्या जन्मी पोरगा आंधळा जन्मेल. पहिलीचे उत्तर परिचारिकेजवळ होते : शस्त्रक्रिया पोटावर व छातीवर, नेहमीच्या शस्त्रक्रियेसारखीच, टाके घालून, देह स्वच्छ करून दिला जातो. दुसरीवर तिने वाद घातला नाही. भटजींना विचारायचे असेल तर फोन लावून देते, म्हणाली. फोन झाला. आईने मूत्रपिंडे व यकृत देण्यास हो म्हटले, डोळ्यांना नाही. कागदावर तसेच लिहिले गेले आणि डोळ्यांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

अपघाताचे प्रकरण असल्यामुळे पोलिसांचा पंचनामा व शवचिकित्सेची व्यवस्था त्याच रात्री लावावी लागली. देह घरी पोहोचायला दुसरा दिवस उजाडणार, हे गावाला कळवण्यासाठी भावाला वेळेचा अंदाज आधीच दिला होता. तोवर परिचारिका त्याच खाटेशी होती. रक्तदाब, लघवी, अंगाची ऊब, डोळ्यांवर ओला बोळा, काम कालचेच. कालपर्यंत ते त्याच्यासाठी होते, आज तिला नाव न कळणाऱ्या कोणासाठी. हा पालट तिच्याही मनाला जड जातो, आणि त्याविषयी तिच्याशी कोणी बोलत नाही.

आईने नाही म्हटले असते तर? तर दानाचा विषय तेथेच संपता, आणि त्या नकाराने शुश्रूषेत रतीभर फरक पडता कामा नये. मात्र यंत्राचे काय करावे हे अवघड होते, कारण १९९४चा कायदा हा मृत्यू सांगतो तो अवयवदानाच्या संदर्भात. दान नसेल तेव्हा यंत्र कधी थांबवावे, हे त्यात स्पष्ट नाही. त्यामुळे हृदय आपोआप थांबेपर्यंत वाट पाहणारी घरे आहेत. त्यांनाही “तो वारला आहे” हेच सांगावे लागते, रोज.

निघताना भावाने हळूच विचारले, “सिस्टर, तिथी कोणती धरायची? मंगळवारची, की शस्त्रक्रियेत हृदय थांबलं त्या बुधवारची?” तिने सांगितले, “दाखल्यावर मंगळवार आहे, दुसऱ्या तपासणीची वेळ. घरात काय धरायचं, ते तुम्ही आईला विचारा.”