पाइप ६ की १०?

समजा, एका गावच्या नळयोजनेची निविदा आहे. दरपत्रकात ११० मिमी एचडीपीई पाइप ‘पीएन ६’ लिहिलाय, तांत्रिक तपशिलात मात्र ‘पीएन १०’. पीएन म्हणजे पाइप किती दाब सोसेल ती पातळी. १० चा पाइप जाड, वजनदार आणि म्हणून महाग. सहाचा दर भरला आणि दहाचा द्यावा लागला, तर तोटा ठेकेदाराच्या अंगावर.

अशा वेळी ‘पाइपबाबत खुलासा करावा’ एवढंच विचारलं, तर ‘निविदेप्रमाणे’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणून शंका अशी लिहावी: ‘पृष्ठ ४२, बाब ७ : पीएन ६. पृष्ठ ६८, कलम ३.२ : पीएन १०. दर कोणत्या पाइपचा भरावा? बदल असल्यास सुधारित दरपत्रक द्यावे.’ पान, कलम, मूळ शब्द आणि एकच प्रश्न. आपला दर किंवा डावपेच त्यात डोकावू देऊ नये, कारण उत्तरं सगळ्या स्पर्धकांना दिसतात.

शंका मुदतीतच पाठवावी. निविदापूर्व बैठकीत साहेब तोंडी ‘सहाच धरा’ म्हणाले, तरी त्यावर विसंबू नये. लेखी शुद्धिपत्रकच ग्राह्य. तेही बोली भरण्याच्या दिवशी पोर्टलवर पुन्हा उघडून पाहावं. आणि उत्तर आलंच नाही, तरी बोलीत ‘पीएन ६ गृहीत धरून’ असं लिहू नये. सशर्त ठरवून ती बाद होऊ शकते.