रात्री दहाची गोळी, सकाळी सातची कळ

धुळ्याच्या मावशीचा फोन सकाळी सव्वासहाला आला तेव्हा मी जळगावात माझं औषधांचं दुकान उघडायच्या तयारीत होते. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, असं ती सांगत होती. तीन दिवस पोट साफ नव्हतं म्हणून कुणीतरी बिसाकोडिलच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या होत्या. साडेनऊला शेवभाजी-भाकरीचं भरपेट जेवण झालं, अकराला तिने दोन गोळ्या घेतल्या, आणि पोटाला त्रास नको म्हणून पेलाभर गरम दुधाबरोबर घेतल्या. एकच्या सुमाराला छातीखाली जळजळायला लागलं, बेंबीच्या वर मुरडा उठला आणि उलटी झाली. "पोट साफ व्हायला घेतलेली गोळी वरूनच कशी गं आली?" असं ती विचारत होती. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर दुधात होतं.

माझ्या दुकानातून ही गोळी रोज जाते, पण ती आत जाऊन काय करते हे मी नीट वाचलं ते त्या फोननंतर. आणि वाचता वाचता थक्क झाले.

गोळी लहान, गोल, गुळगुळीत असते. आत औषध असतं फक्त ५ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीपेक्षाही कितीतरी कमी. तिची खरी करामत वरच्या आवरणात आहे. जठरातल्या तीव्र आम्लात ते जसंच्या तसं टिकतं. जठर ओलांडून लहान आतड्यात गेल्यावर आम्ल ओसरतं, आणि तिथे ते विरघळायला लागतं. आवरण बनवणाऱ्यांनी जठराच्या आंबटपणालाच कुलूप करून टाकलं आहे.

आता दुधाचं बघा. दूध, आम्लपित्ताचं पातळ औषध किंवा चघळायची आम्लनाशक गोळी, या सगळ्यांनी जठरातला आंबटपणा काही वेळ कमी होतो. आवरणाला वाटतं आपण आतड्यात पोचलो, आणि ते जठरातच सुटतं. औषध नको त्या ठिकाणी मोकळं होतं, जठराचं अस्तर चिडतं, वर मुरडा आणि मळमळ सुरू होते. मावशीच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. आपल्याकडे औषध दुधाबरोबर घेण्याची सवय जुनी आहे आणि पुष्कळ गोळ्यांना ती चालते, म्हणून ही चूक करणाऱ्यांना दोष देता येत नाही. या गोळीला मात्र दूध आणि आम्लनाशकापासून निदान तासाभराचं अंतर हवं. आवरण तोडायचं नाही म्हणून ती चावायची नाही, कुटायची नाही, अर्धी करायची नाही. आणि ज्यांना रोज सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी, म्हणजे पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल, चालू आहे त्यांच्या जठरातलं आम्ल दिवसभर कमीच असतं. तिथे तासाभराच्या अंतराने भागत नाही. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आवरण सुटलं तरी गंमत संपत नाही. बिसाकोडिलच्या रेणूवर दोन छोट्या रासायनिक टोप्या असतात आणि त्या डोक्यावर असेपर्यंत औषध झोपलेलं असतं. आतड्याच्या अस्तरातली विकरं या टोप्या काढून घेतात, आणि मग उरतो तो खरा कामाचा भाग. तो मोठ्या आतड्यात दोन कामं करतो. एक, तिथल्या स्नायूंना चेतवतो. दोन, मळातून पाणी शोषून घ्यायचं आतड्याचं रोजचं काम तो मंदावतो आणि उलट थोडं पाणी आत सोडायला लावतो. मे महिन्यात, जेव्हा जळगावात पारा ४५ ला टेकतो आणि अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं, तेव्हा आतडं मळातला ओलावा शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घेतं. तेव्हा खडे का होतात आणि गोळीबरोबर पेलाभर पाणी का घ्यायचं, हे वेगळं सांगायला नको.

या औषधाच्या घराण्याची एक गोष्ट मला फार आवडते. बिसाकोडिलची थोरली बहीण म्हणावी अशी फिनॉल्फ्थॅलीन, जी आपण शाळेच्या प्रयोगशाळेत गुलाबी रंग आणायला वापरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरीत हलकी, बनावट दारू ओळखता यावी म्हणून तिच्यात हे रसायन मिसळायचं ठरत होतं. ते पिण्याला सुरक्षित आहे का हे तपासताना झोल्तान व्हामोशी या संशोधकाला कळलं की त्याने जुलाब होतात. पुढे कित्येक दशकं ते जुलाबाचं औषध म्हणून विकलं गेलं, आणि सुरक्षिततेच्या शंकेमुळे मागे पडलं. त्याच धाटणीचं बिसाकोडिल १९५० च्या दशकात जर्मनीतून बाजारात आलं आणि टिकलं.

आता वेळेकडे येऊ. पाकिटावर लिहिलेलं असतं की परिणाम ६ ते १२ तासांत होतो. दुकानात लोक विचारतात, "एवढं लांबलचक का हो? एकच वेळ सांगा ना." हा पट्टा लांब आहे कारण तो औषधाचा वेग दाखवत नाही, तुमच्या पोटातल्या प्रवासाचा वेग दाखवतो. जेवण जठरात असेपर्यंत न विरघळणारी गोळी तिथेच अडकून बसू शकते. जठर रिकामं झाल्यावर साधारण दीड-दोन तासांनी एक जोरदार झाडू फिरतो आणि उरलंसुरलं पुढे ढकलतो. त्यानंतर लहान आतड्याचा तीन-चार तासांचा रस्ता, आणि मग मोठं आतडं. म्हणून भरल्या पोटी घेतलेली गोळी उशिरा पोचते. संध्याकाळी साडेसातला हलकं जेवून दहाला घेतलेली वेळेवर पोचते.

रात्रीची वेळ निवडण्यात आणखी एक शहाणपण आहे. आपलं मोठं आतडं झोपेत बहुतेक शांत असतं. सकाळी जाग आली की ते जागं होतं, आणि पोटात काही गेलं, अगदी चहाचे दोन घोट, तरी जठराकडून त्याला इशारा मिळतो. दिवसातून काही वेळाच येणाऱ्या त्याच्या मोठ्या, पुढे ढकलणाऱ्या लाटा याच सुमाराला येतात. बिसाकोडिल त्याच प्रकारच्या लाटा उठवतं. रात्री घेतलेलं औषध पहाटे मोठ्या आतड्याशी पोचतं, तेव्हा शरीराची स्वतःची सकाळची लाटही उभी राहत असते. दोन्ही एकत्र आल्या की काम होतं. सकाळच्या चहातल्या दुधाची मात्र भीती नको, कारण तोवर गोळी जठर सोडून गेलेली असते.

आठवड्याने मावशीला पुन्हा बद्धकोष्ठाचा त्रास झाला. तिच्या डॉक्टरांची संमती घेऊन या वेळी आम्ही नीट आखलं. साडेसातला मुगाची खिचडी, नंतर दूध नाही. दहाला एकच गोळी, सबंध, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. रात्र शांत गेली. सहाला उठून तिने चहा घेतला. साडेसहाला बेंबीखाली, डावीकडे पहिली कळ आली. मिनिटभर आवळली आणि सैल झाली. थोड्या वेळाने दुसरी आली, आधीपेक्षा जोरात. पावणेसातला ती संडासला गेली. साडेसातला पुन्हा एकदा, या वेळी पातळ. नऊपर्यंत पोट निवळलं होतं. म्हणजे दहापासून पावणेसातपर्यंत पावणेनऊ तास झाले.

ती कळ म्हणजे दुसरं काही नाही, आतड्याचा स्नायू आवळून मळ पुढे सरकवतो त्याचीच जाणीव. म्हणून ती लाटेसारखी येते, ओसरते, पुन्हा येते, आणि मोकळं झालं की कमी होते. कडक झालेला मळ पुढे असेल तर स्नायूला जास्त जोर लावावा लागतो आणि कळही जास्त लागते. काहींना कळेबरोबर घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. वयस्कर माणसांनी म्हणूनच संडासाची कडी लावू नये, पहाटे दिवा लावूनच जावं आणि झटकन उठू नये. कळ फारच असह्य वाटली तर पुढच्या वेळी दोनऐवजी एकच गोळी घ्यावी. गोळी वाढवली की परिणामही वाढतो आणि कळही.

पण हे लक्षात ठेवा: लाटेसारखं न येता सलग, वाढत जाणारं दुखणं, पोट फुगून वारा न सरणं, सारखी उलटी, ताप, किंवा मळात रक्त, ही गोळीची कळ नव्हे. अशा वेळी आणखी गोळी घेणं धोक्याचं. आतड्यात अडथळा असेल किंवा आंत्रपुच्छाला सूज असेल तर आतड्याला जोर लावायला सांगणं म्हणजे बंद दारावर गर्दी लोटणं आहे. सरळ डॉक्टरांकडे जावं.

वेळेचा आणखी एक व्यवहार. दहाला घेतलेली गोळी पहाटे चार ते सकाळी दहा यांत कधीही काम करेल. म्हणून ज्या दिवशी धुळ्याहून सकाळच्या एसटीने जळगावला लग्नाला यायचं असेल, त्याच्या आदल्या रात्री ती घेऊ नका. पारोळ्याला पहिली कळ आली आणि एरंडोलचा स्टँड यायला अजून वेळ असला, तर काय हाल होतील ते सांगायला नको. सुट्टीची आदली रात्र बरी.

आणि शेवटी ज्या गोष्टीने माझ्या दुकानात सर्वात जास्त गोंधळ होतो ती. गोळीने पोट एकदम मोकळं होतं. रिकाम्या आतड्यात पुन्हा मळ भरायला एक-दोन दिवस लागतात, आणि त्या दिवसांत संडासला झालं नाही तर ते बद्धकोष्ठ नसतं. पण माणूस घाबरतो आणि दुसऱ्याच रात्री पुन्हा गोळी घेतो, मग तिसऱ्या. असं रोजचं होत गेलं की पाणी आणि पोटॅशियम घटतं, अशक्तपणा येतो. लघवी वाढवायच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील त्यांना याचा विशेष धोका. डॉक्टरांना न विचारता ही गोळी सलग पाच-सात दिवसांच्या पुढे घेऊ नये. मावशीला मी एवढंच सांगितलं की आज झालं, आता तीन दिवस वाट बघ, भाकरीबरोबर वांग्याचं भरीत खा, पाणी पी. तिसऱ्या दिवशी सकाळी चहानंतर तिला आपोआप झालं.